औषधाचे मूळ नाव लिहा, डॉक्टर साहेब!

पूर्व विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत सिकलसेल हा आजार नवा नाही. गोंदिया-डोंगरगड रेल्वेमार्गावरील दरेकसा परिसरही त्याच पट्ट्यातला. हा आजार आठ दिवसांच्या गोळ्यांनी जात नाही. अनेक रुग्णांना हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल वर्षानुवर्षे घ्यावी लागते, जोडीला फॉलिक ॲसिड. सरकारी दवाखान्यात औषध असले तर प्रश्न मिटतो. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण औषध संपले किंवा खाजगी डॉक्टरकडे जावे लागले, की हातात येते ती कंपनीच्या ब्रँडची चिठ्ठी. मजुरीवर जगणाऱ्या घराची कोंडी येथून सुरू होते.

अशा वेळी आपली माणसे मेडिकलवाल्याशी वाद घालतात. पण कायद्याने त्याचे हात बांधलेले आहेत. औषध नियम १९४५ मधील नियम ६५ चा पोटनियम ११-अ सांगतो, की अनुसूची एच व एक्स मधील औषध चिठ्ठीत लिहिले असेल, तर त्याऐवजी दुसरे देता येत नाही, मग आतील घटक तोच का असेना. म्हणजे स्वस्त पर्यायाचे दार उघडते ते दुकानात नव्हे, डॉक्टरच्या लेखणीत. म्हणून विनंती डॉक्टरांनाच करावी लागते.

ही विनंती म्हणजे भीक नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत कलम १.५ आहे. आधी त्यात ‘शक्यतोवर’ मूळ नावाने औषधे लिहावीत, असे होते. २०१६ च्या दुरुस्तीने ‘शक्यतोवर’ ही पळवाट काढली आणि नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू केली गेली.

तरीही पहिले पाऊल तक्रारीचे नसावे. तालुक्यात डॉक्टर मोजके, आणि रुग्णाला त्यांच्याकडे पुन्हा जायचेच असते. आम्ही सुचवतो ते पत्र असे:

‘आदरणीय डॉक्टर साहेब, सविनय नमस्कार. आपल्या उपचाराने मला आराम आहे. औषध दीर्घकाळ घ्यायचे असल्याने खर्च झेपत नाही, आणि पैसे संपले की डोस चुकतो. कृपया चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, मात्रा व प्रकार लिहावा, उदा. हायड्रॉक्सीयुरिया ५०० मि.ग्रॅ. कॅप्सूल. एखाद्या औषधाचा ब्रँड बदलू नये असे आपले मत असल्यास तेवढे सांगावे. मी तेच घेईन. आपला नम्र.’

पत्रातील ‘डोस चुकतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डॉक्टरला रुग्णाची गरिबी अनेकदा दिसत नाही. पण चुकलेला डोस हा त्याच्या उपचाराचाच प्रश्न असतो.

शेवटची ओळही उगीच नाही. फिट येणाऱ्या रुग्णांचे फेनिटॉइन, थायरॉईडचे लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांत थोडा फरकही जड जाऊ शकतो. ती औषधे डॉक्टरला न विचारता बदलू नयेत. हायड्रॉक्सीयुरियाचा डोस वजन आणि रक्ततपासणी पाहून ठरतो. स्वस्त मिळाले म्हणून डोस वाढवू नये, आणि तपासणीही चुकवू नये.

चिठ्ठी मिळाल्यावर दुकानात तीन गोष्टी जुळवा: नाव, मात्रा, प्रकार. २०१८ च्या नियमानुसार पाकिटावर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते. तीन किंवा अधिक घटकांच्या काही मिश्रणांना ही सक्ती नाही. हायड्रॉक्सीकार्बामाइड असे नाव दिसले तर घाबरू नका, ते हायड्रॉक्सीयुरियाचेच दुसरे नाव. मात्रा ५०० ऐवजी वेगळी दिसली तर मात्र परत करा. भाव नेहमी एका गोळीचा काढा. समजा, दहाची पट्टी १२० रुपयांना आणि पंधराची १५० ला आहे. दुसरी महाग वाटते, पण तिची गोळी दहा रुपयांना पडते, पहिलीची बारा रुपयांना.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मूळ नाव लिहिले, तरी कोणत्या कंपनीचे द्यायचे हे दुकानदार ठरवतो आणि जास्त नफ्याचेच पुढे करू शकतो. म्हणून ‘या नावाचे सर्वांत स्वस्त दाखवा’ असे तोंडाने मागावे लागते, पक्के बिल घ्यावे लागते, आणि गोंदियाला जाणे झालेच तर जन औषधी केंद्रातही विचारावे लागते. पत्राची एक प्रत जवळ ठेवा. नम्र विनंती दोनदा करूनही चिठ्ठी बदलली नाही, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाताना हीच प्रत आणि चिठ्ठ्या तुमचा पुरावा ठरतील.