मनगट खरं बोलतं, दाखला नाही

मनोरीहून मार्वेला जाणाऱ्या बोटीत भाच्याने मला विचारलं, "मामू, तो बॉलर खरंच चौदाचा होता?" पोरगं शालेय सामना हरून आलं होतं. समोरच्या संघातल्या त्या गोलंदाजाने सकाळीच दाढी केल्याचं दिसत होतं. "कागदावर होता," एवढंच मी बोललो. त्याच्या शाळेचं नाव इथे घेत नाही, कारण हा रोग काही एका शाळेचा नाही.

आपल्याकडे वयाची चोरी पकडायला क्रिकेट मंडळाने हाडांची चाचणी आणली. तिचं नाव टीडब्ल्यू-३. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात आणि त्यातली १३ हाडं तपासतात. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते. वय वाढतं तशी ती अरुंद होत जाते आणि शेवटी हाड सांधून जातं. प्रत्येक हाड कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून गुण देतात आणि बेरजेवरून हाडांचं वय काढतात. बेरीज १००० झाली की वाढ पूर्ण झाली.

मुलांच्या तक्त्यात हे १००० गुण साडेसोळा वर्षांशी येतात, मुलींच्या तक्त्यात पंधराशी. म्हणून सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी मंडळाची मर्यादा साडेसोळाच्या आतली आहे. त्यापुढे हे मोजमाप मुकं होतं. अठराचा, एकोणीसचा, एकवीसचा, तिघांचीही मनगटं त्या तक्त्यात सारखीच. म्हणजे एकोणीस वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये भरवसा पुन्हा कागदावरच.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. २०२२ मध्ये भारताने एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकला. त्या संघात धाराशिवचा राजवर्धन हंगरगेकर होता. स्पर्धेनंतर राज्याचे तेव्हाचे क्रीडा आयुक्त ओमप्रकाश बकोरिया यांनी मंडळाला पत्र लिहिलं. आठवीत प्रवेश देताना शाळेच्या नोंदीतली जन्मतारीख १० जानेवारी २००१ ची १० नोव्हेंबर २००२ केली गेली, असं त्यात म्हटलं होतं. हा आरोप आहे आणि मी त्याला निकाल म्हणणार नाही. पण भांडण कशावर होतं ते बघा. एक्स-रेवर नाही, शाळेच्या रजिस्टरमधल्या एका ओळीवर. आणि आठवीतलं पोरगं रजिस्टर उघडून स्वतः खाडाखोड करत नाही. ते काम मोठ्यांचं असतं.

म्हणून माझी तक्रार चाचणीबद्दल कमी आणि शिक्षेबद्दल जास्त आहे. २०२० मध्ये मंडळाने सांगितलं, स्वतःहून खरी तारीख कळवा, कारवाई होणार नाही. नंतर सापडलात तर दोन वर्षं बंदी. चांगलं केलं. पण बंदी कोणाला? खेळाडूला. दाखल्यावर सही करणारे, पोराला मैदानात घेऊन जाणारे प्रशिक्षक, "दोन वर्षं कमी लावा" म्हणणारे बाप, हे सगळे पुढच्या मोसमात नवीन पोरगं घेऊन हजर.

आणि हाड चुकतही नाही असं नाही. हाडांचं वय आणि खरं वय यांत वर्षभराचा फरक सहज पडतो. तक्ते मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या मुलांवरून बेतलेले आहेत. समजा एका मुलाचं खरं वय सव्वापंधरा आहे, पण शरीर लवकर वाढलं. हाड साडेसोळा दाखवेल आणि प्रामाणिक पोरगं बाहेर. दुसरा सतराचा आहे, पण कमी खाऊन वाढलेला, हाड सव्वासोळा, तो आत. फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय काढते. त्यात किरणोत्सर्ग नाही. अंगठ्याच्या बाजूच्या मोठ्या हाडाचं टोक पूर्ण सांधलेलं दिसलं तर खेळाडू बाहेर. ती परीक्षा एवढंच सांगते की हा बहुधा सतराच्या पुढचा आहे. टोक उघडं दिसलं म्हणून वय कमी आहे हे सिद्ध होत नाही.

आता आपल्या घरातलं बोलतो. आपल्या जुन्या पिढीत जन्म घरी व्हायचा, आणि अम्मीला आठवायचं ते "रमजानच्या आधी, मोठ्या पावसात". मग शाळेत गुरुजी १ जून लावायचे. माझ्या अब्बांचा वाढदिवस १ जून, चाचांचाही १ जून. ही लबाडी नव्हती, नोंदच नव्हती. त्यामुळे उशिरा काढलेला प्रत्येक दाखला खोटा मानणाऱ्यांशी माझं भांडण आहेच. जन्मानंतर दोन वर्षांहून उशिरा नोंद झाली असेल, तर एकोणीस वर्षांखाली किती मोसम खेळता येईल यावर मंडळ बंधन घालतं. हा नियम मला पटतो, कारण तो कोणाला चोर ठरवत नाही, फक्त फायदा काढून घेतो.

पण आता हे निमित्त संपत आलंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मनोंदीचा दाखलाच जन्मतारखेचा पुरावा आहे. ती मुलं चौदा वर्षांखालच्या संघात येतील तेव्हा संघटनांनी शाळेचा दाखला बघूच नये. मूळ नोंद कोणत्या तारखेला झाली ते बघावं, आणि नाव नोंदवणाऱ्या प्रशिक्षकाची व मुख्याध्यापकाची सही घ्यावी, म्हणजे बंदी त्यांनाही लागेल.

आपल्यातलेच एक बुजुर्ग मला म्हणाले, "मुलाचं भलं होत असेल तर दोन वर्षांनी काय बिघडतं?" मी त्यांना विचारलं, निकाहनाम्यावर खोटी गवाही द्याल का? ते गप्प झाले. शाळेच्या दाखल्यावरची सहीसुद्धा गवाहीच आहे, आणि ती ज्याच्याविरुद्ध जाते ते पोरगं माझ्या शेजारी बोटीत किटबॅग मांडीवर घेऊन बसलं होतं.