हातात आलेले गुण आणि पणाला लागलेले गुण

दहावीचा गणिताचा पहिला पेपर झाला की त्या संध्याकाळी वस्तीतल्या घराघरांत एकच प्रश्न असतो, "पास होशील ना?" उत्तरही ठरलेलेच असते. "बरा गेला." या दोन शब्दांवर आई-बाप झोपी जातात आणि मूलही अंदाजाच्या भरवशावर भूमितीचा पेपर द्यायला जाते. खरे पाहता या प्रश्नाचे उत्तर पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत मांडता येते. पण ते मांडायला बऱ्याच शाळांनी मुलांना शिकवलेले नाही, आणि ते मांडण्यासाठी लागणारा एक आकडा तर पुष्कळदा मुलाला माहीतच नसतो.

राज्य मंडळाचा गणित विषय १०० गुणांचा आहे. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, भूमितीचा ४० गुणांचा आणि उरलेले २० गुण शाळेच्या हातात, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे. गृहपाठ आणि चाचणी यांतून ते दिले जातात. उत्तीर्ण व्हायला तिन्ही मिळून ३५ गुण लागतात. यातला अंतर्गत गुणांचा हिस्सा लेखी परीक्षेच्या आधीच ठरलेला असतो. तो मिळवलेला गुण. बाकीचे ८० पणाला लागलेले.

हिशेब इतकाच की ३५ मधून हाती आलेले गुण वजा करायचे. जे उरेल ते "लागणारे गुण". ते शून्य किंवा त्याहून कमी असतील तर पास पक्का, पुढचा पेपर कसाही जावो. ते शिल्लक राहिलेल्या गुणांपेक्षा जास्त असतील तर त्या परीक्षेत पास होणे शक्यच नाही. आणि या दोहोंच्या मध्ये असतील तर प्रश्न खुला आहे. बहुतेक मुले याच मधल्या जागेत उभी असतात. परीक्षेआधीच पास पक्का असे कोणाचेच नसते, कारण अंतर्गत गुण पुरे मिळाले तरी ते २० आणि लागतात ३५.

एका मुलीचा हिशेब मांडून पाहू. तिला अंतर्गत गुण १४ मिळाले आहेत. बीजगणिताचा पेपर देऊन ती घरी आली आणि प्रश्नपत्रिका समोर ठेवून बसली. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे चार पर्यायी प्रश्न असतात, त्यांतले तीन बरोबर. त्याच प्रश्नातल्या एक-एक गुणाच्या चार उदाहरणांपैकी दोन बरोबर. दुसऱ्या प्रश्नातल्या दोन कृती, प्रत्येकी दोन गुणांच्या, तिने पूर्ण केल्या आणि उत्तरे ताडून पाहिली. दोन गुणांचे एक उदाहरण नक्की बरोबर. झाले ३ अधिक २ अधिक ४ अधिक २, म्हणजे ११. याखेरीज तिने तीन उदाहरणे अर्धवट सोडवली आहेत. त्यांतून सहा गुण मिळतील असे तिला वाटते.

येथेच मुले फसतात. ११ आणि ६ मिळून १७, त्यात अंतर्गत १४, झाले ३१. म्हणजे भूमितीत फक्त ४ गुण लागतात, ते तर पर्यायी प्रश्नांतच मिळतील, असे म्हणून वही मिटली जाते. पण ते सहा गुण हातात आलेले नाहीत. ते तपासणाऱ्याच्या हातात आहेत. पायऱ्यांचे गुण मिळतात हे खरे, पण किती मिळतील हे घरी बसून ठरवता येत नाही. म्हणून कागदावर दोन रकाने करावेत. एका रकान्यात उत्तर ताडून पाहिलेले नक्की गुण, दुसऱ्यात "कदाचित" वाले. वजाबाकी फक्त पहिल्या रकान्याची करायची. या मुलीचे नक्की गुण १४ अधिक ११, म्हणजे २५. भूमितीत तिला १० लागतात. चार नव्हे, दहा. पहिल्या रकान्यातले ११ सुद्धा गुणपत्रिकेवर छापून येईपर्यंत अंदाजच असतात, तेव्हा दोन-तीन गुण जास्त धरून तेरावर नजर ठेवणे शहाणपणाचे.

दहा गुण कोठून येतील हेही भूमितीच्या पेपरच्या रचनेवरून दिसते. पहिल्या प्रश्नाचे आठ गुण आणि दुसऱ्यातल्या कृतींचे चार, असे बारा गुण सुरुवातीलाच आहेत. कृतींत चौकटी भरायच्या असतात, अर्धी सिद्धता छापलेलीच असते. त्यापुढे दोन-दोन गुणांची चार उदाहरणे, म्हणजे आणखी आठ. दहा-तेरा गुण गाठायला या वीस गुणांचाच सराव मधल्या दिवसांत करावा. प्रमेयांच्या लांब सिद्धतांच्या मागे लागून रात्र घालवण्यात अर्थ नाही.

आता हाच बीजगणिताचा पेपर, तेच ११ गुण, फक्त अंतर्गत गुण बदलून पाहा. ज्याला शाळेने २० दिले त्याला भूमितीत ४ पुरतात. ज्याला ८ दिले त्याला १६ लागतात. उत्तरपत्रिका सारखीच, तरी एकाचे ओझे दुसऱ्याच्या चौपट! हे वीस गुण कोण देते, कशावर देते आणि मुलाला केव्हा सांगते, हा म्हणूनच किरकोळ प्रश्न नाही.

या गुणांचे वजन महाराष्ट्राने पाहिलेले आहे. २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता, तेव्हा सगळी वाढ अंतर्गत गुणांच्या नावे लिहिता येणार नाही. पण २०१९ ची घसरण बोलकी आहे. काठावर उभ्या असलेल्या मुलांच्या पायाखालची वीस गुणांची फळी काढली की कोण पडते, हे आपल्या वस्त्यांना सांगावे लागत नाही. काठावरच्या पासाला हसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की १९०७ साली बाबासाहेबांना मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते.

कॉलेजात गेलेल्या मुलांनी हा हिशेब जसाच्या तसा वापरू नये. तेथे पुष्कळ ठिकाणी प्रत्येक भागात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. मुंबई विद्यापीठाच्या ७५:२५ पद्धतीत अंतर्गत २५ पैकी १० आणि लेखी ७५ पैकी ३० असे दोन वेगळे उंबरठे होते. त्या नियमात अंतर्गत पैकीच्या पैकी २५ आणि लेखी २९ मिळवणारा विद्यार्थी एकूण ५४ गुण असूनही नापास ठरतो, कारण एका भागातला जादा गुण दुसऱ्या भागाच्या कामी येत नाही. अशा ठिकाणी वजाबाकी दोनदा करायची, प्रत्येक भागाची स्वतंत्र, आणि दोन्ही उत्तरे शून्यावर आली तरच पास पक्का म्हणायचे. आपला नियम एकत्रित आहे की वेगवेगळा, हे वर्ष सुरू होतानाच अभ्यासक्रमाच्या पत्रकात पाहून घ्यावे.

राहिला शाळेचा प्रश्न. अंतर्गत गुण मंडळाकडे जाण्याआधी प्रत्येक मुलाला ते दाखवून त्याची सही घेतली, तर कोणत्या शिक्षकाचे काय बिघडणार आहे? ज्यांची मुले यंदा दहावीला आहेत त्यांनी फेब्रुवारीच्या आत शाळेत जाऊन प्रत्येक विषयाचे हे वीस गुण विचारावेत. कमी असतील तर गृहपाठाच्या वह्या आणि चाचणीचे पेपर समोर ठेवायला सांगावेत, आणि मिळालेला आकडा मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.