मुलाखत इंग्रजीऐवजी मराठीत किंवा हिंदीत हवी? विनंती कधी, कोणाकडे आणि कशी करावी

यवतमाळ, वणी, पुसद किंवा दारव्ह्याच्या उमेदवाराला हल्ली मुलाखतीसाठी प्रवास करावाच लागतो असे नाही. पुण्यात किंवा हैदराबादेत बसलेला अधिकारी व्हिडिओ कॉल लावतो आणि पहिलाच प्रश्न इंग्रजीत विचारतो. उमेदवाराला काम येत असते, पण वाक्य जुळवण्यातच वेळ जातो. हा प्रसंग बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी भाषेची विनंती मुलाखतीत नव्हे, मुलाखतीच्या आधी करावी लागते.

हा हक्क आहे की सवलत?

काही परीक्षांत भाषेची निवड नियमातच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 275 गुणांची मुलाखत असते आणि ती मराठीतून देता येते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणारा उमेदवार मुलाखतीसाठी मराठी, हिंदी किंवा इंग्रजी निवडू शकतो. मुख्य परीक्षा इंग्रजीतून लिहिणाऱ्याला पूर्वी मुलाखतही इंग्रजीतच द्यावी लागे. या अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि 2011 मध्ये आयोगाने ती सैल केली. आता अशा उमेदवारालाही हिंदी किंवा त्याने सक्तीच्या भारतीय भाषेच्या पेपरसाठी घेतलेली भाषा निवडता येते. ही निवड अर्जातच नोंदवायची असते. मराठी निवडणाऱ्यासाठी आयोग दुभाषी देतो, म्हणून उत्तरे लहान वाक्यांत, मध्ये थांबत द्यावीत. लांबलचक वाक्यातले अर्धे दुभाष्याकडून सुटते.

खासगी कंपनीत अशी तरतूद नाही. उमेदवाराच्या पसंतीच्या भाषेत मुलाखत घेण्याचे बंधन तिच्यावर नसते. त्यामुळे तेथे हक्क सांगून उपयोग नाही, विनंतीच करावी लागते. ती मान्य होणार की नाही, हे पद कोणते आहे यावर ठरते.

आधी पद पाहावे

विनंती करण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : या कामात इंग्रजी बोलावे लागते का, की फक्त वाचावे-लिहावे लागते? परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे काम असेल, तर इंग्रजी संभाषण हाच कामाचा भाग आहे. तेथे भाषा बदलून मागणे म्हणजे कामाची चाचणीच टाळणे होय. पण गोदाम, लेखा, दुरुस्ती, प्रयोगशाळा, कर्जवसुली किंवा गावोगावी फिरून विक्री करणे, या कामांत समोरचा माणूस मराठी किंवा हिंदीच बोलतो. इंग्रजी लागते ती स्क्रीनवर आणि ईमेलमध्ये. अशा पदांसाठी विनंतीला भक्कम आधार असतो.

संदेश कसा असावा?

समजा, दारव्हा तालुक्यातील एका बी.कॉम. तरुणीला यवतमाळच्या शाखेत लेखा सहायक पदासाठी बोलावणे आले आहे. मुलाखत गुरुवारी सकाळी 11 वाजता व्हिडिओ कॉलवर आहे. तिने मंगळवारी, ज्या क्रमांकावरून किंवा ईमेलवरून बोलावणे आले त्याच ठिकाणी, असा संदेश पाठवावा :

*‘नमस्कार मॅडम. लेखा सहायक पदासाठी गुरुवारी सकाळी 11 वाजताच्या मुलाखतीला मी हजर राहीन. शक्य असल्यास मुलाखत मराठीत किंवा हिंदीत घ्यावी, ही विनंती. कामाबद्दल मला या भाषांत नेमके सांगता येईल. टॅली, एक्सेल आणि इंग्रजी ईमेल मी वापरते, त्याची चाचणी द्यायला तयार आहे. शक्य नसल्यास कृपया कळवावे, त्याप्रमाणे तयारी करीन.’*

या संदेशात पहिल्यांदा हजेरी पक्की केली आहे, म्हणजे अधिकाऱ्याला शंका राहत नाही. दोन भाषांचा पर्याय दिला आहे, कारण अधिकारी मराठी नसला तरी हिंदी जाणत असू शकतो. ‘मला इंग्रजी येत नाही’ असे कुठेही म्हटलेले नाही, कारण ते खरेही नाही. ती इंग्रजी वाचते आणि लिहिते, फक्त बोलण्याचा सराव नाही. अधिकारी अमराठी असल्याचे नावावरून किंवा आधीच्या बोलण्यावरून कळत असेल, तर हाच संदेश हिंदीत किंवा सोप्या इंग्रजीत पाठवावा.

बुधवारी दुपारपर्यंत उत्तर आले नाही, तर एकदा फोन करून विचारावे. पुन्हा पुन्हा संदेश पाठवू नयेत. रोजगार मेळाव्यात थेट मुलाखत असते, आधी संदेश पाठवायला सवड नसते. तेथे नाव नोंदवतानाच टेबलावरच्या प्रतिनिधीला विचारून घ्यावे.

मुलाखत सुरू झाल्यावर विचारले तर?

उशीर झालाच असेल, तर पहिल्या प्रश्नापूर्वी किंवा त्यानंतर लगेच विचारावे. हिंदीत एवढे पुरते : ‘सर, आपको आपत्ति न हो तो मैं जवाब हिंदी में दूँ?’ तीन-चार उत्तरे इंग्रजीत अडखळत देऊन मग विचारले, तर प्रश्न अवघड वाटला म्हणून भाषा बदलली, असा समज होतो.

नकार मिळाला, तर मधला मार्ग सुचवता येतो : प्रश्न इंग्रजीत आणि उत्तरे हिंदीत. प्रश्न समजतो हे यातून दिसते आणि अधिकाऱ्याला आपली प्रश्नावली बदलावी लागत नाही.

चूक कुठे होते?

सर्वांत मोठी चूक बायोडेटात असते. नमुना उतरवताना इंग्रजीपुढे ‘उत्तम’ लिहिलेले राहते आणि इकडे विनंती मराठीची असते. अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहतो आणि मग बाकीच्या माहितीवरही शंका घेतो. म्हणून ‘वाचन व लेखन चांगले, बोलणे साधारण’ असे स्पष्ट लिहावे.

दुसरी चूक हिंदी गृहीत धरण्याची. बाजारात चालणारी हिंदी मुलाखतीत अडते. मराठीतला ‘राजीनामा’ हिंदीत ‘इस्तीफा’ असतो. हिंदीत ‘राजीनामा’ म्हणजे तडजोडीचा कागद. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. जुनी नोकरी का सोडली, शिक्षण किती, हे प्रश्न तर हमखास येतात. त्यांची उत्तरे आदल्या दिवशी मोठ्याने बोलून पाहावीत.

मराठीत बोलतानाही कामाचे शब्द बदलू नयेत. लेजर, जीएसटी, व्हाउचर हे शब्द कार्यालयात जसे वापरतात तसेच ठेवावेत. भाषा सोयीसाठी बदलली आहे, काम तेच आहे, हे त्यातून कळते.

कंपन्यांनीही एक ओळ लिहावी

यवतमाळ जिल्ह्यात घरी बंजारा, कोलामी किंवा गोंडी बोलणारे उमेदवार बरेच आहेत. त्यांच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी त्याही पुढची. बोलावण्याच्या संदेशात ‘मुलाखत मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत देता येईल’ एवढी ओळ असली, तर विनंतीची वेळच येणार नाही. पदाला इंग्रजी लागत असेल, तर दहा मिनिटांची वेगळी लेखी चाचणी घ्यावी. इंग्रजी किती येते ते चाचणीत कळेल आणि काम किती येते ते मुलाखतीत. आज ही दोन्ही मापे एकातच मिसळतात आणि हिशेब नीट ठेवू शकणारी मुलगी केवळ बोलण्यात मागे पडली म्हणून बाहेर राहते. त्यात तिच्याइतकाच तोटा कंपनीचाही आहे.