घटना स्वतःच बोलते, पण सगळे सांगत नाही

जुलै १९६३. तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाली. १० तारखेला प्रसूती सुखरूप झाली. १३ तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तिला सडकून ताप भरला, पोटात असह्य दुखू लागले. १९ तारखेला दुसऱ्या सर्जननी टाके उघडले. आत पू साचला होता आणि रक्त टिपण्यासाठी वापरलेला मॉप, म्हणजे कापडी घडी, पोटातच राहिली होती. २४ जुलैला ती महिला दगावली.

‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा खटला ओळखला जातो. दिवाणी न्यायालयाने कुटुंबाला ३६ हजार रुपये भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अखेर फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. शस्त्रक्रियेनंतर काही विपरीत घडले की डॉक्टरचा दोष कोणता आणि नशिबाचा कोणता, हा प्रश्न आजही घरोघरी पडतो. त्याचे उत्तर न्यायालय कसे शोधते, हे या एका खटल्यातून चांगले कळते.

एरवी हलगर्जी सिद्ध करण्याचे ओझे तक्रारदारावर असते. डॉक्टरने त्या शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरइतकी काळजी घेतली का, एवढेच न्यायालय पाहते. तो सर्वोत्तम होता का किंवा रुग्ण बरा झाला का, हा निकष नाही. ही कसोटी १९५७ च्या ‘बोलम’ या इंग्लंडमधील खटल्यातून आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘जेकब मॅथ्यू’ निकालात तिच्यावर शिक्कामोर्तब केले. आता साधारण कुशल डॉक्टरने काय केले असते, हे सामान्य माणसाला किंवा न्यायाधीशाला कसे कळणार? त्यासाठी त्याच शाखेतल्या तज्ज्ञाची साक्ष लागते.

पोटात राहिलेल्या मॉपची गोष्ट मात्र वेगळी आहे. मॉप आत ठेवून टाके घालावेत, असे सांगणारी कोणतीही उपचारपद्धती नाही. कोणी चुकल्याशिवाय ही घटना घडूच शकत नाही आणि त्या वेळी रुग्ण भुलीखाली, पूर्णपणे रुग्णालयाच्या ताब्यात असतो. अशा वेळी कायदा ‘रेस इप्सा लॉक्विटर’ हे लॅटिन तत्त्व वापरतो. ‘घटना स्वतःच बोलते’ हा त्याचा अर्थ. मग नेमके काय चुकले हे रुग्णाने सांगायचे नसते. आपण चुकलो नाही, हे रुग्णालयाने पटवून द्यायचे असते. खोडवा खटल्यात समाधानकारक खुलासा आला नाही. साध्या बाळंतपणासाठी आलेली स्त्री जिवंत परत गेली नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले. दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे मृत्यू झाला असे क्षणभर धरले, तरी पोटातल्या जंतुसंसर्गाचे मूळ त्या मॉपमध्येच होते, असेही स्पष्ट केले. सरकारी रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य असल्याने शासन जबाबदार नाही, हा बचावही टिकला नाही.

मॉप राहतोच कसा? रक्ताने भिजलेली घडी आतड्यांच्या वेटोळ्यांत ओळखूही येत नाही. म्हणून चीर देण्यापूर्वी, पोट बंद करण्यापूर्वी आणि शेवटी त्वचा शिवताना मॉप मोजले जातात व आकडा नोंदवला जातो. घडीत एक्स-रेवर दिसणारा धागा विणलेला असतो. मोजणी जुळली नाही, तर शोधायचे आणि सापडले नाही तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे काढायचा, असा नियम आहे. पण अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की वस्तू आत राहिलेल्या व मोजणी झालेल्या बहुतेक प्रकरणांत आकडा ‘बरोबर’ असल्याची नोंद होती. तातडीच्या शस्त्रक्रियेत आणि ऐनवेळी बेत बदलल्यास धोका वाढत होता. त्यामुळे ‘मोजणी जुळली होती’ एवढा कागद दाखवून रुग्णालयाची सुटका होत नाही.

आता दुसरे उदाहरण घेऊ. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा झाली. नातेवाइकांना वाटते, नलिका कापली म्हणजे चूक उघडच आहे. इथे मात्र घटना स्वतः बोलत नाही. सूज आणि चिकटलेल्या ऊतींमुळे निष्णात सर्जनच्या हातूनही ही इजा होऊ शकते. ती ज्ञात गुंतागुंत आहे. मग तज्ज्ञाला नेमके प्रश्न विचारावे लागतात. क्लिप लावण्यापूर्वी पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी स्पष्ट वेगळी करून पाहिली होती का? शरीररचना समजत नसताना पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय का घेतला नाही? आणि नंतर पोट फुगले, ताप आला, कावीळ दिसली, तेव्हा सोनोग्राफी करायला किती दिवस घेतले? अनेकदा इजा माफ होते, पण ती ओळखण्यातला उशीर हलगर्जी ठरतो.

खोडवा निकालाची दुसरी बाजू इथेच दिसते. डॉक्टरांचे कौशल्य सारखे नसते, उपचाराचे एकाहून अधिक मार्ग असू शकतात, म्हणून काळजीपूर्वक काम करणाऱ्याला दोषी ठरवण्याची घाई नको, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पुढे २०१० मध्ये ‘किशन राव’ प्रकरणात न्यायालयाने समतोल सांगितला: प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागतोच असे नाही; चूक उघड असेल तर नको, गुंतागुंतीची असेल तर हवा. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र केवळ ‘घटना बोलते’ एवढ्यावर डॉक्टरला शिक्षा होऊ शकत नाही, हे ‘जेकब मॅथ्यू’ने ठरवले आहे. तिथे घोर बेपर्वाई सिद्ध व्हावी लागते.

उघड चुकीचा दावाही मुदतीत मांडावा लागतो. १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या गोव्यातील एका महिलेच्या पोटात गॉज असल्याचे २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. दोष कळल्यापासून मुदत मोजायची हे तत्त्व न्यायालयाने मानले. पण ती स्वतः अनुभवी परिचारिका होती आणि नऊ वर्षे पोट दुखत असताना पहिल्या सर्जनकडे गेली नव्हती. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर ताप, पोटफुगी, दुखणे ठरलेल्या दिवसांपलीकडे टिकले, तर त्याच सर्जनला गाठावे आणि ते लेखी नोंदवून घ्यावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. त्यात ऑपरेशन नोट, भुलीची नोंद आणि मॉपच्या मोजणीचा तक्ता मागून घ्यावा. पुढे तज्ज्ञ लागो वा न लागो, त्याला वाचायला तेच कागद हाताशी असतील.