विकला नाही, तर तोटा नाही?



"विकला नाही ना, मग तोटा कुठे झाला?" शेअरबद्दल हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. मला ते साफ अमान्य आहे.

कॉमर्स शिकलेल्यांना आठवेल, वर्षअखेरीचा शिल्लक माल खरेदी किंमत किंवा बाजारभाव, यांत जी कमी ती धरून लिहायचा. साडीची फॅशन गेली की ती विकली नसली तरी दुकानदार तिची किंमत वहीत उतरवतो. तोच दुकानदार शेअर घेऊन बसला की हा नियम विसरतो!

समजा, दोन शेअर प्रत्येकी ५०,००० रुपयांचे घेतले. आज एक ६५,००० झाला, दुसरा ३५,०००. घरात ३०,००० रुपये हवे आहेत. बहुतेक जण पहिल्यातूनच काढतील. फायदा हातात आल्याचं समाधान मिळतं, आणि दुसरा विकला तर आपली निवड चुकली असं कबूल करावं लागतं. म्हणून "मुद्दल निघू दे, मग विकू". पण ३५,००० चे पुन्हा ५०,००० व्हायला तो शेअर जवळजवळ ४३ टक्के वाढावा लागेल. आपण तो कितीला घेतला, हे बाजाराला माहीतही नसतं.

शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये या सवयीला 'डिस्पोझिशन इफेक्ट' असं नाव दिलं. पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासली. लोकांनी विकलेले फायद्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त वाढले होते. गंमत म्हणजे डिसेंबरात हेच लोक तोट्यातले शेअर जास्त विकत, कारण तिथे वर्षअखेरीला तो तोटा करात दाखवता येतो. म्हणजे कारण दिसलं की हात मोकळा होतो.

आपल्याकडेही भांडवली तोटा भांडवली नफ्यातून वजा होतो आणि उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, विवरणपत्र वेळेत भरलं तर. मार्चमध्ये सीएंना विचारून घ्या.

माझ्या मते सगळ्यात कामाचा नियम असा: खरेदीच्या भावाचा रकाना हाताने झाकायचा आणि विचारायचं, आज हातात रोख ३५,००० असते तर हाच शेअर घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल तर विकायचा. 'हो' असेल तर खुशाल ठेवा, पडलेला प्रत्येक शेअर वाईट नसतो. हे उत्तर प्रामाणिक यावं म्हणून, शेअर का घेतला आणि काय घडलं तर विकायचा, हे घेतानाच वहीत लिहावं. भाव पडल्यावर लिहायला बसलं की मन नवी कारणं शोधतं.

काही जणी स्टॉप-लॉस लावतात, म्हणजे ठरावीक भावाखाली गेला की आपोआप विक्री. चांगलं आहे, पण रात्री वाईट बातमी आली आणि सकाळी शेअर थेट खालीच उघडला, तर विक्री ठरवलेल्या भावाला होत नाही. लोअर सर्किट लागलं तर घेणारा मिळेलच असंही नाही.