मिझ म्हणजे कुमारी नव्हे

बँकेचा दोन भाषांतला फॉर्म भरत होते. इंग्रजीत ‘मिझ’वर टिक केली, शेजारी मराठीत छापलेलं ‘कुमारी’. माझ्या निकाहाला चार वर्षं झालीत! कुमारी म्हणजे मिस. मिझ लग्नाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून तर ती निवडली. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती, नवरा हयात असल्याची पावती. आमच्या ह्यांचं ‘श्री’ मात्र निकाहाआधीही तेच, नंतरही तेच. वैवाहिक स्थितीचा रकाना खाली वेगळा होताच, मग नावाआधी पुन्हा चौकशी कशाला? मी ‘कुमारी’ खोडून ‘श्रीमती’ लिहिलं; ते ‘श्रीमान’चं सरळ स्त्रीरूप. पण आपल्याकडे त्याचा अर्थ विधवा लावतात. काउंटरवरच्या बाईंनी हळूच विचारलं, “मिस्टर...?”

“आहेत की. बाहेर स्कूटर लावतायत.”