तारेवरचा सामना

ऑगस्ट १९७१. कर्जतजवळच्या त्या घरात दुपार कलली की म्हातारबाबा रेडिओपाशी बसत. लंडनचा आवाज लघुलहरींवरून यायचा, म्हणून फणसाला बांधलेली तांब्याची तार खिडकीतून आत घेतलेली. घाटावर वीज चमकली की कडकड व्हायची, ती क्षणात विरे. पण आवाजच हळूहळू बुडाला तर बटणाला हात लावायचा नाही, तो आपणच वर येतो, हे त्यांना ठाऊक होतं. सोमवारी ओव्हलच्या सामन्यात चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंड १०१ वर आटोपलं. भारताला जिंकायला १७३ हवेत, दिवसअखेर दोन बाद ७६. मंगळवारी गणेशचतुर्थी. आरती उरकून बाबा तारेपाशी परतले, तोवर वाडेकर धावबाद झाला होता. विजय तोंडाशी आला आणि आवाज बुडाला, तसं नातवाने घाबरून बटण फिरवलं आणि ओव्हल हरवलं. बाबा रागावले नाहीत. त्याचं बोट धरून काटा केसभर मागे नेला, पुन्हा थोडा पुढे. खरखरीतून आधी टाळ्या आल्या, मग नाव : आबिद अलीचा चौकार. बाबांनी बोट सोडलं नाही. बाहेर भाताच्या खाचरांवर पाऊस कोसळतच होता.